बसलात की ताट

नवं हॉटेल काढणाऱ्याला पाटी सगळ्यात शेवटी आठवते. गाळ्याचं डिपॉझिट भरून होतं, एक्झॉस्टच्या डक्टवरून वरच्या मजल्याशी भांडण होऊन मिटतं, फूड लायसन्स हातात येतं, टेबलं येतात. मग उद्घाटनाच्या आधीच्या आठवड्यात बोर्डवाला फोन करतो, "मॅटर पाठवा." मॅटर म्हणजे काय लिहायचं ते. त्यानंतर घरातला प्रत्येक जण आपापली ओळ सुचवतो आणि कोणाचं मन मोडायचं नाही म्हणून सगळ्या ओळी बोर्डावर चढतात.

माझ्या मावसभावाच्या पाटीचा पहिला मसुदा असाच झाला होता. वर नाव, त्याखाली 'फॅमिली रेस्टॉरंट', मग 'अस्सल घरगुती चव', 'आईच्या हातचं जेवण', 'व्हेज - नॉनव्हेज', 'वातानुकूलित', 'पार्टी ऑर्डर स्वीकारल्या जातील' आणि सगळ्यात खाली तिरक्या अक्षरांत 'एकदा याल तर पुन्हा पुन्हा याल'. जाहिरातींचा मजकूर लिहून माझं पोट चालतं, म्हणून दादाने हा कागद माझ्याकडे पाठवला. "फक्त शुद्धलेखन बघ," असंही वर बजावलं.

शुद्धलेखन बरोबर होतं.

गाळा ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये. एमआयडीसी १९६२ साली स्थापन झाली आणि वागळे इस्टेट तिच्या अगदी सुरुवातीच्या वसाहतींपैकी. एकेकाळी सगळे कारखाने होते. आता त्यातल्या कित्येक शेड पाडून तिथे काचेच्या इमारती उभ्या राहिल्यात, त्यांत आयटी कंपन्या आहेत, बँकांची बॅक ऑफिसं आहेत, आणि मधूनमधून अजून एखादं लेथ मशीन कुरकुरत असतं. म्हणजे दुपारी बाहेर पडणारा माणूस गळ्यात ओळखपत्र घातलेला असतो किंवा हाताला ऑइल लागलेला. दोघांकडे वेळ मात्र सारखाच, अर्धा ते पाऊण तास. त्यात लिफ्टची वाट बघणं आलं, चालणं आलं आणि परत जाऊन पंच करणंही आलं. जेवायला हातात उरतात जेमतेम पंचवीस मिनिटं.

हॉटेल दादा-वहिनी आणि वहिनीची आई, ज्यांना आम्ही सगळे मावशी म्हणतो, मिळून चालवणार होते. त्या अर्थाने ते फॅमिली रेस्टॉरंट होतंच. पण रस्त्यावरच्या माणसाला पाटीवर 'फॅमिली' दिसलं की तो संध्याकाळचा विचार करतो. एसी, मेनूकार्ड, सूप, वीस मिनिटांनी येणारं पनीर, बिलाबरोबर बडीशेप. किंवा मग त्याला शेजारी 'अँड बार' असेल असं वाटतं. एकटाच दीड वाजता बाहेर पडलेला माणूस तिथे शिरत नाही. हे कुठल्याही सर्व्हेतून कळलेलं नाही. गाळ्याचं शटर अर्धं उघडं ठेवून आम्ही बाहेर प्लास्टिकच्या खुर्च्या टाकून दुपारी बसायचो तेव्हा समोरून जाणारी माणसं काय बोलतात ते कानावर पडायचं. "इथे काय होतंय?" "फॅमिली रेस्टॉरंट दिसतंय." "मग आपल्या काय कामाचं." कागदाचा मसुदा दादाने शटरवर हौसेने चिकटवला होता, त्यावरची ही प्रतिक्रिया.

त्या खुर्च्यांवरची बैठक हेच खरं काम होतं. टॅगलाइन सुचायला चहा आणि खिडकी लागते असा माझ्या धंद्यातला एक समज आहे. दुपारच्या हॉटेलला त्याचा उपयोग नाही. तिथे दारात माणूस काय विचारतो ते ऐकावं लागतं, कारण पाटीने जे सांगायचं राहून जातं तेच तो तोंडाने विचारतो. आमच्या शेजारी एक जुनी उडुपी धाटणीची खानावळ होती. तिच्या दारातले प्रश्न मी ऐकत बसायचे. "राईस प्लेट आहे का?" "केवढ्याला?" "लगेच मिळेल ना?" पुन्हा पुन्हा हेच तीन प्रश्न, फक्त क्रम बदलायचा. चव कशी आहे, जेवण घरगुती आहे का, असं कोणी विचारत नव्हतं. चव दाराबाहेरून कळत नाही हे लोकांना ठाऊक असतं.

'आईच्या हातचं' ही ओळ काढायला सगळ्यात जास्त वेळ लागला, कारण ती मावशींच्या मानाची होती. माझं म्हणणं एवढंच होतं की प्रत्येकाच्या डोक्यात आई स्वतःची असते. नागपूरच्या मुलाच्या आईची आमटी वेगळी, कोल्हापूरच्या मुलाच्या आईची वेगळी, आणि ठाण्याच्या ऑफिसात तर लखनौचा आणि त्रिचीचा मुलगाही असतो. या सगळ्या आयांशी रोज दुपारी स्पर्धा लावायची आणि हरायचं, हे कशाला? मावशींनी हे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "शिवाय मी कुणाची आई म्हणून नाही करणार हे. धंदा म्हणून करणार." ओळ गेली.

'घरगुती'चं तसंच, पण थोडं वेगळं. दुपारच्या हॉटेलची खरी स्पर्धा शेजारच्या हॉटेलशी नसते, डब्याशी असते. डबा आणणारा माणूस रोज घरगुतीच खातो. ज्या दिवशी डबा नसतो त्या दिवशी त्याला पुन्हा तेच हवं असेल असं नाही, पण पोट बिघडवणारंही नको असतं. उलट पीजीत राहणाऱ्या मुलांना 'घरगुती' वाचून खरंच बरं वाटतं. म्हणजे एकाच शब्दाने निम्मे लोक जवळ येतात आणि निम्म्या लोकांना काहीच होत नाही. शिवाय या शब्दाची नोट इतकी चलनात आहे की महामार्गावरच्या ढाब्यापासून चायनीजच्या गाडीपर्यंत सगळीकडे तो लिहिलेला असतो. मी 'आज डबा नाही? या.' अशी एक ओळ सुचवली होती. मला ती आवडली होती. वहिनी म्हणाली, "ताई, डबा नाही म्हणजे घरी भांडण झालंय किंवा कोणी करणारं नाही, असा अर्थ निघतो. पाटी वाचून लोकांनी ओशाळायचं कशाला?" ती ओळ मी निमूटपणे मागे घेतली. फळ्यावर एखाद्या सोमवारी लिहायला ती चालेल, कायमच्या बोर्डावर नाही.

एक जुना नमुना मात्र मी दादासमोर ठेवला. १९९५ साली युतीचं सरकार आलं तेव्हा निघालेली एक रुपयात झुणका-भाकर. नंतर २६ जानेवारी २०२० ला सुरू झालेली शिवभोजन थाळी, १० रुपयांत, दुपारी १२ ते २. राजकारण बाजूला ठेवा, त्या योजना कशा चालल्या तेही बाजूला ठेवा. लोकांच्या तोंडी राहिलेला मजकूर बघा. काय मिळणार, केवढ्याला आणि केव्हा, हे सांगून झाल्यावर पाटी गप्प बसते. त्यात विशेषण एकही नाही. शिवभोजनमध्ये दोन चपात्या, एक भाजी, वरण, भात हेही लोकांना पाठ होतं. सरकारी मजकुराचं कौतुक करायची वेळ माझ्यावर वारंवार येत नाही, म्हणून इथे करून घेते.

आता उरला तिसरा प्रश्न, "लगेच मिळेल ना?" याचं उत्तर पाटीवर द्यायचं ठरलं आणि तिथून विषय माझ्या हातातून स्वयंपाकघरात गेला.

दादाला 'दहा मिनिटांत गरमागरम जेवण' हवं होतं. मी विचारलं, दहा मिनिटं कधीपासून? दारात आल्यापासून, बसल्यापासून, की ऑर्डर दिल्यापासून? गर्दीत टेबल मिळायलाच दहा मिनिटं लागली तर? आणि 'गरमागरम' म्हणजे नक्की काय काय गरम? मावशींनी यातलं एकच धरलं, पोळी. आमटी-भाजी गरम ठेवता येते. भात ठेवता येतो. पोळी हा सगळा घोळ आहे.

मग आम्ही घड्याळ लावून पोळ्या केल्या. एक बाई लाटणारी, एक भाजणारी असली तर एका तव्यावर तासाला साठ-पासष्ट पोळ्या होतात. दोन तवे म्हणजे सव्वाशेच्या आसपास. हॉटेलात जागा ३६. दुपारच्या दोन तासांत ९० ताटं गेली आणि ताटात तीन पोळ्या धरल्या तर पोळ्या लागणार २७०, आणि दोन तव्यांवर दोन तासांत होतात जेमतेम अडीचशे. कागदावर थोडीच तूट दिसते. पण माणसं दोन तासांत सारखी वाटून येत नाहीत. एक वाजता लिफ्ट खाली येते आणि ३६ माणसं एकदम बसतात. त्यांना दहा मिनिटांत तव्यावरच्या १०८ पोळ्या देणं दोन तव्यांना शक्यच नाही. म्हणजे 'दहा मिनिटांत' आणि 'गरम पोळी' यांतलं एकच खरं होऊ शकत होतं. दोन्ही लिहिलं असतं तर पहिल्याच सोमवारी एक वाजून दहा मिनिटांनी पाटी खोटी पडली असती.

तोड मावशींनीच काढली. साडेअकरापासून पोळ्या करायला घ्यायच्या, सुती पंच्यात गुंडाळून झाकणाच्या मोठ्या डब्यात ठेवायच्या. ताटात पहिल्या दोन पोळ्या या डब्यातल्या. त्या मऊ असतात, कोमट असतात, आणि भुकेला माणूस पहिल्या पोळीला नावं ठेवत नाही. तिसरी पोळी मात्र तव्यावरची, तूप लावून, तो निम्मं जेवला की ताटात पडायची. त्यामुळे एका वेळी तव्यावरच्या १०८ ऐवजी ३६ पोळ्या लागतात, त्याही माणसं जशी खातात तशा मागेपुढे. दोन तव्यांना हे झेपतं. आणि जेवणारा उठतो तेव्हा त्याच्या लक्षात शेवटची गरम पोळी राहते. ही युक्ती पाटीवर लिहायची नाही हेही मावशींनी ठरवलं. "सांगून वाढलं की त्याची किंमत जाते," म्हणाल्या.

मग प्रश्न आला मेनूकार्डाचा. दादाला दुपारीही पंजाबी ठेवायचं होतं, कारण ऑफिसचा मोठा ग्रुप आला की पनीर आणि नानवर बिल चढतं. आम्ही ताळा करून बघितला. नुसतं ताट असेल तर माणूस पंचवीस-तीस मिनिटांत उठतो, दोन तासांत प्रत्येक खुर्चीवर सरासरी अडीच माणसं बसतात. ३६ खुर्च्या, ९० ताटं, १४० रुपयांनी १२,६००. मेनूकार्ड ठेवलं तर टेबल पाऊण-एक तास अडकतं, खुर्चीवर दीडच माणूस, म्हणजे ५४ जण, डोई २२० धरले तरी ११,८८०. वर तंदूरवाला कारागीर लागणार, त्याचा पगार वेगळा. आणि पैशांपेक्षा वाईट म्हणजे एका टेबलाच्या कढाई पनीरसाठी शेगडी अडली की शेजारच्या टेबलाची आमटी गरम व्हायची राहते. एका ग्रुपमुळे बाकी सगळ्यांना दिलेला शब्द मोडतो. तेव्हा ठरलं, १२ ते ३ फक्त ताट. पनीर संध्याकाळी.

एवढं झाल्यावर ओळ आपोआप जवळ आली. 'झटपट थाळी' म्हणून बघितलं, पण 'झटपट' म्हटलं की पाकिटातल्या नूडल्स आठवतात. 'दहा मिनिटांत थाळी' यात आकडा आहे, आणि आकड्याला लोक घड्याळ लावतात. अकराव्या मिनिटाला आलेलं ताट उत्तम असलं तरी त्या माणसाच्या लेखी ते उशिरा आलेलं असतं. शिवाय दादाला मनात कुठेतरी वाटत होतं की चुकलो तर फुकट द्यावं लागेल. टेबल मिळण्याच्या वेळेची हमी आम्ही देऊ शकत नव्हतो, पण बसल्यावर ताट येण्याची देऊ शकत होतो. कारण आमटी, भाजी, उसळ, भात, कोशिंबीर तयार, पोळ्या डब्यात, विचारायचं काहीच नाही. वहिनी सहज म्हणाली, "म्हणजे काय, बसलात की ताट."

मी ती ओळ लगेच कागदावर उतरवली. बोलता बोलता आलेली होती, म्हणूनच चांगली होती. तिच्यात विशेषण नाही, आकडा नाही, आणि हमी नेमकी तेवढीच आहे जेवढी स्वयंपाकघर पाळू शकतं. कोणी मित्राला सांगेल तर याच शब्दांत सांगेल. 'थाळी' की 'ताट' यावर थोडी चर्चा झाली. ऑफिसातले अमराठी लोक 'थाळी' म्हणतात, म्हणून खालच्या ओळीत 'थाळी' ठेवली आणि वर 'ताट' राहू दिलं.

दुसरी ओळ हिशेबातून आली. वर्षाला दीड कोटीपर्यंत उलाढाल असलेल्या हॉटेलाला जीएसटीत कॉम्पोझिशनची सोय आहे. त्यात मालकाने स्वतः उलाढालीवर पाच टक्के भरायचे, पण गिऱ्हाइकाच्या बिलात कर वेगळा लावायचा नाही. दादाने तीच घेतली होती. अशा दुकानाने आपण कॉम्पोझिशनखाली असल्याचं पाटीवर ठळक जागी लिहायचंही असतं, पण ती कायद्याची ओळ गिऱ्हाइकाच्या डोक्यावरून जाते. गिऱ्हाइकाला कळणारी गोष्ट ही की १४० लिहिलं असेल तर १४० च द्यायचे, १४७ नाही. जेवणानंतर सुट्ट्या सात रुपयांवरून होणारी चिडचिड कोणत्याही ऑफिसवाल्याला विचारा. म्हणून 'लिहिलंय तेवढंच बिल' ही ओळ झाली. ही ओळ ज्या हॉटेलला जीएसटी वेगळा लावायचा आहे त्याने उचलून लावू नये, इतकंच सांगते.

मजकूर ठरला तरी पाटी होत नाही. गाळ्याची रुंदी १४ फूट. रस्त्याच्या पलीकडचा फुटपाथ पन्नास-एक फुटांवर. बोर्डवाल्यांचा एक ढोबळ नियम असतो, दर दहा फुटांमागे एक इंच उंचीचं अक्षर धरायचं. हा हिशेब रोमन मोठ्या अक्षरांचा आहे. देवनागरीत वरती वेलांटी-मात्रा आणि खाली उकार यांनाही जागा लागते, त्यामुळे संगणकावर सहा इंचांची ओळ धरली तर अक्षराचं खरं अंग चार इंचांचंच निघतं. पलीकडून सहज वाचायला पाच इंचांचं अंग हवं, म्हणजे ओळीला सात-आठ इंच उंची द्यायला लागली. तेवढ्या उंचीत १४ फुटांवर नावाखाली एकच छोटी ओळ ऐसपैस बसते. पहिल्या मसुद्यातल्या आठ ओळी बसवल्या असत्या तर प्रत्येक जण आपली ओळ कुठे आहे हे फुटपाथवर उभं राहून शोधत बसला असता.

बोर्डवाल्याने जाड, फुगीर फॉन्ट लावून आणला होता. त्यात 'की'ची वेलांटी शिरोरेषेत बुडाली होती आणि लांबून 'बसलात का ताट' असं वाचता येत होतं. माझ्या हट्टामुळे त्याने कागदावर मूळ मापाची प्रिंट काढून दिली, ती आम्ही शटरवर चिकटवली आणि पलीकडच्या फुटपाथवर जाऊन बघितली. संगणकाच्या पडद्यावर पाटी मंजूर करणं म्हणजे फोटो बघून चपला घेण्यासारखं आहे. फॉन्ट सडपातळ केला, अक्षरांमधली जागा वाढवली, मागचा भडक पिवळा-लाल ग्रेडियंट काढून गडद हिरव्यावर पांढरी अक्षरं केली. मराठीचं माप कायद्यानेही बघावं लागतं. २०२२ च्या दुरुस्तीनंतर महाराष्ट्रात दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानालाही देवनागरी मराठी पाटी बंधनकारक आहे आणि मराठी अक्षरं इतर भाषेतल्या अक्षरांपेक्षा लहान चालत नाहीत. आमचं नाव इंग्रजीतही होतं, ते लहान राहिलं.

पण माझ्या मते या सगळ्यात मोठी गोष्ट वेगळीच आहे. गाळ्यावरचा बोर्ड समोरच्या फुटपाथवरून दिसतो, आपल्या फुटपाथवरून चालणाऱ्याला दिसत नाही. तो पाटीला समांतर चालत असतो, पाटी त्याच्या डोक्यावर असते आणि नजर फोनवर. चौदा फूट ओलांडायला त्याला तीन-चार सेकंद लागतात. त्याच्यासाठी भिंतीला काटकोनात, दोन्ही बाजूंनी वाचता येईल असा छोटा उभा बोर्ड लावला, त्यावर फक्त 'थाळी' आणि बाण. आणि दाराशी, उंबऱ्याच्या आत, फळा. उंबऱ्याच्या आत अशासाठी की फुटपाथवर ठेवलेला स्टँड पालिकेचं अतिक्रमण पथक उचलून नेतं आणि तो सोडवायला फळ्याच्या किमतीपेक्षा जास्त वेळ जातो.

फळ्यावर मावशी रोज सव्वाअकराला लिहितात, भाज्या गॅसवर चढल्यानंतर, आधी नाही. बाजारात वांगी चांगली मिळाली नाहीत तर भरली वांगी होत नाहीत, आणि सकाळी उत्साहाने लिहिलेलं दुपारी पुसावं लागतं. अक्षर त्यांचं शाळामास्तरणीचं, ठसठशीत. 'आज: मटकीची उसळ, फ्लॉवर-बटाटा, चिंच-गुळाची आमटी, काकडीची कोशिंबीर, ताक.' पुढे रुपये. आणि बाजूला पळीने वाढल्यासारखा एक छोटा शब्द, 'अळू' किंवा 'सोलकढी', ज्या दिवशी असेल त्या दिवशी. मोठा बोर्ड आठवडाभरात ओळखीचा होतो आणि मग दिसेनासा होतो. रोज त्याच रस्त्याने जाणारा माणूस तो वाचतच नाही. फळा मात्र रोज वाचावा लागतो, कारण रोज वेगळा असतो. खरी टॅगलाइन फळाच आहे, असं दादा आता मला ऐकवतो. त्याला उत्तर देण्यात अर्थ नाही, कारण बऱ्याच अंशी खरं आहे.

दुपारी पावणेदोनला उसळ संपली की मावशी ती पुसत नाहीत. तिच्यावर एक आडवी रेघ मारतात आणि खाली जी बदली भाजी असेल ती लिहितात. आधी वहिनीला ते गबाळं वाटायचं. पण पुसलेल्या फळ्यावरून काही कळत नाही, आणि रेघेखालची उसळ वाचून उशिरा आलेला माणूस दुसऱ्या दिवशी साडेबाराला येतो. रेघ मारायची असेल तर मात्र खरी मारावी लागते. शेजारच्या ऑफिसातला एक मुलगा एकदा आत डोकावून पातेलं बघून गेला होता.

दर मोठ्या बोर्डावर छापायचा नाही हे आम्ही पहिल्याच दिवशी ठरवलं होतं. २०२३ च्या जुलैत टोमॅटो किलोला शंभराच्या वर गेला होता, तेव्हा ज्यांनी थाळीचा दर बोर्डावर रंगवला होता त्यांनी आकड्यावर कागदाचे तुकडे चिकटवले. चिकटवलेला तुकडा दिसला की गिऱ्हाईक खालचा आकडा नखाने खरवडून बघतं. फळ्यावरचा आकडा खडूचा असतो, बदलला तरी फसवल्यासारखं वाटत नाही. 'लिहिलंय तेवढंच बिल' ही ओळ त्यामुळेच टिकाऊ आहे. ती दराबद्दल काही म्हणत नाही, दर पाळण्याबद्दल म्हणते.

उघडल्यानंतर मी पुन्हा दारातले प्रश्न ऐकायला जाऊन बसले. "केवढ्याला?" बंद झालं होतं. "लगेच मिळेल ना?" जवळजवळ बंद झालं होतं. एक नवा प्रश्न मात्र सतत येत होता, "जैन मिळेल का?" त्याचं उत्तर तेव्हा स्वयंपाकघरात नव्हतं. एका माणसासाठी कांदा-लसणाशिवाय वेगळी भाजी फोडणीला टाकली की तीच शेगडीची अडचण पुन्हा उभी राहते. मग मावशींनी रोज दोनपैकी एक भाजी कांदा-लसूण-बटाट्याशिवाय करायला सुरुवात केली, आमटी तर त्यांची आधीपासूनच तशी होती. फळ्यावर त्या भाजीसमोर एक छोटा हिरवा ठिपका येतो. ठिपक्याचा अर्थ फळ्याच्या तळाशी लिहिलेला आहे. मोठ्या पाटीवर 'जैन फूड' असं लिहा म्हणून दादा मागे लागला होता, पण तो दावा मोठा आहे. भांडी वेगळी नाहीत, आणि कंदमुळं न खाणारा माणूस तेही विचारतो. जेवढं आहे तेवढंच लिहायचं.

सध्या वाद रविवारवरून सुरू आहे. रविवारी वागळे इस्टेटला ऑफिसवाले नसतात, पण आसपासच्या सोसायट्यांतली कुटुंबं फिरकतात. आजी, आजोबा, दोन मुलं, निवांत जेवायला. त्यांनी 'बसलात की ताट' वाचलं तर त्याचा अर्थ 'लवकर उठा' असा होतो. एका आजींनी तसं तोंडावर बोलूनही दाखवलं. दादाला रविवारसाठी वेगळा, पडद्यासारखा गुंडाळता येणारा बोर्ड करायचा आहे आणि त्यावर ते जुनं 'फॅमिली रेस्टॉरंट' परत आणायचं आहे. वहिनीचं म्हणणं, रविवारी बंद ठेवू, मावशींचे गुडघे दुखतात. मावशींना अजून कोणी विचारलेलं नाही. बोर्डवाल्याने मॅटर मागितलंय, मी दोन्ही लिहून ठेवलेत.